"कामाला आहे" एवढं पुरत नाही : घरकर्जासाठी मालकाकडून पत्र कसं मागायचं

(संघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं. ज्या तायांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज एकाच कागदाबद्दल बोलायचं आहे. आपल्या गटांतल्या बऱ्याच जणी आता शेतीबरोबर बाहेर कामाला जातात. कुणी एमआयडीसीत पॅकिंगला, कुणी सूतगिरणीत, कुणी खासगी दवाखान्यात, कुणी शाळेत. घर बांधायला बँकेत कर्ज मागायला गेलं की साहेब म्हणतात, "तुमच्या कंपनीचं पत्र आणा." आपण म्हणतो, "हो, आणते." आणि तिथून पुढे फेऱ्या सुरू होतात. बँकेतून कंपनीत, कंपनीतून बँकेत. प्रत्येक फेरीला एक खाडा, म्हणजे एका दिवसाचा पगार जातो.

या फेऱ्यांचं कारण बहुतेक वेळा मालक वाईट किंवा बँक वाईट असं नसतं. बँकेला नक्की काय हवंय हे आपण विचारलेलं नसतं, आणि मालकाला नक्की काय लिहायचं हे आपण सांगितलेलं नसतं. आपल्याच एका ताईंच्या बाबतीत काय झालं ते सांगते, म्हणजे नीट कळेल. त्यांना विचारूनच सांगते आहे. नाव घेत नाही.

पहिलं पत्र का परत आलं

या ताई मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. वय ४४ पूर्ण. गावठाणात जागा आहे, जुनं पत्र्याचं घर पाडून तिथे दोन खोल्या बांधायच्या होत्या. गवंड्याशी बोलणं झालं होतं, पावसाच्या आत स्लॅब पडायला हवा होता. बँकेकडे सहा लाखांचं कर्ज मागितलं.

बँकेनं पत्र मागितलं. ताईंनी सुपरवायझरला सांगितलं, "साहेब, बँकेत द्यायला एक पत्र द्या." सुपरवायझर भला माणूस. त्यानं त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून दिलं : "सदर महिला आमच्याकडे गेल्या बऱ्याच वर्षांपासून कामास आहेत. त्यांची वर्तणूक चांगली आहे. सबब दाखला दिला असे." खाली सही. शिक्का नाही, तारीख नाही.

बँकेनं ते परत केलं. ताई नाराज झाल्या. मला म्हणाल्या, "ताई, एवढं चांगलं लिहून दिलंय, अजून काय पाहिजे यांना?"

ते पत्र चांगलंच होतं, पण तो वर्तणुकीचा दाखला होता. आपण स्वभावानं कशा आहोत हे बँकेला विचारायचं नसतं. तिला तीन गोष्टींची खात्री हवी असते. ही बाई खरोखर इथे नोकरीला आहे का? दर महिन्याला हातात किती पैसे पडतात? आणि कर्ज फिटेपर्यंत ही नोकरी टिकण्यासारखी आहे का? त्या दाखल्यात या तिन्हीपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. "बऱ्याच वर्षांपासून" म्हणजे किती? पगार किती? नोकरी कायम की तात्पुरती?

आधी बँकेत विचारा, मग मालकाकडे जा

मग आम्ही दोघी बँकेत गेलो. कर्ज बघणाऱ्या मॅडमना विचारलं, "पत्रात काय काय लिहिलेलं हवं, ते आम्हाला एका कागदावर सांगा." मॅडमनी सांगितलं, आम्ही लिहून घेतलं. काही बँकांकडे याचा छापील नमुना असतो. त्याला कुठे एम्प्लॉयमेंट सर्टिफिकेट म्हणतात, कुठे सॅलरी सर्टिफिकेट. नमुना असेल तर तोच मागून घ्या. कंपनीत तो भरून, सही-शिक्का करून दिला की काम झालं.

त्याच वेळी आणखी दोन प्रश्न विचारा. पत्र किती दिवसांच्या आतलं चालेल? जुन्या तारखेचं पत्र बँका घेत नाहीत, म्हणून बाकीचे कागद गोळा होत आले की मगच पत्र मागायचं. आणि पत्र इंग्रजीत हवं की मराठीत चालेल? हे आधीच विचारलं तर टायपिंग दोनदा करावं लागत नाही.

बँकेनं सांगितलेलं सगळं आम्ही ताईंच्या अर्जात उतरवलं. तोंडी मागितलं की मालक त्याला सुचेल ते लिहितो. लेखी यादी दिली की तो यादीप्रमाणे लिहितो, कारण कारकुनालाही तेच सोपं पडतं. अर्ज असा होता. गाळलेल्या जागा तुमच्याप्रमाणे भरा.

प्रति,
मा. व्यवस्थापक, कामगार विभाग,
(कारखान्याचे नाव व पत्ता)

विषय : घरकर्जासाठी नोकरी व पगाराचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,

मी आपल्या कारखान्यात पॅकिंग विभागात काम करते. माझा हजेरी क्रमांक ........ आहे. घर बांधण्यासाठी मी ........ बँकेच्या ........ शाखेत कर्जाचा अर्ज केला आहे. बँकेने माझ्या नोकरीचे व पगाराचे प्रमाणपत्र मागितले आहे. ते कारखान्याच्या लेटरहेडवर, शाखा व्यवस्थापकांच्या नावाने, पुढील माहितीसह मिळावे ही विनंती.

१. माझे पूर्ण नाव, आधार व पॅन कार्डावर आहे तसे.
२. माझा हुद्दा, विभाग आणि हजेरी क्रमांक.
३. कामावर रुजू झाल्याची तारीख.
४. नोकरी कायम, तात्पुरती की ठेक्याची. मुदतीची असल्यास मुदत कधीपर्यंत.
५. महिन्याचा एकूण पगार, मूळ पगार व भत्ते वेगवेगळे दाखवून.
६. पगारातून होणाऱ्या कपाती, प्रत्येक कपात वेगळी. उचल असल्यास तिचे किती हप्ते बाकी आहेत ते.
७. हातात पडणारा निव्वळ पगार, आणि तो बँक खात्यात जमा होतो की रोख मिळतो.
८. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक.
९. कारखान्यातील निवृत्तीचे वय.
१०. सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, कार्यालयाचा फोन नंबर, शिक्का आणि तारीख.

हे प्रमाणपत्र फक्त माहितीसाठी आहे. कर्जाची कोणतीही जबाबदारी कारखान्यावर राहणार नाही, असे वाक्य आपण त्यात घालू शकता. बँकेत कागद देण्याची तारीख ........ आहे. त्याआधी प्रमाणपत्र मिळावे ही नम्र विनंती.

सोबत : आधार व पॅन कार्डाच्या झेरॉक्स, बँकेच्या कर्ज अर्जाच्या पोचपावतीची झेरॉक्स.

आपली विश्वासू,
(नाव, सही, मोबाईल नंबर, तारीख)

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर "मिळाला" म्हणून सही-तारीख घ्या. भांडायला नाही, आठ दिवसांनी आठवण करून द्यायला ती प्रत लागते.

आता या दहा कलमांतली जी सगळ्यात जास्त अडतात, ती जरा नीट बघू.

नाव

आपल्या बायकांची अर्धी अडचण इथेच असते. पॅन माहेरच्या नावानं काढलेलं, आधार सासरच्या नावानं, आणि कारखान्याच्या हजेरीत घरातलं हाकेचं नाव. या ताईंचंही हजेरीत एक नाव आणि आधारवर दुसरं होतं. बँकेच्या दृष्टीनं त्या दोन बायका झाल्या.

पत्रात आधारवरचं नाव जसंच्या तसं, स्पेलिंगसह लिहायला सांगा. हजेरीत दुसरं नाव असेल तर पत्रातच एक ओळ घ्या : "आमच्या हजेरीपटावर यांचे नाव अमुक असे आहे, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे." आणि पॅन व आधार जुळत नसेल तर ते दुरुस्त करायला आजच टाका, कारण ते मालकाच्या पत्रानं सुटणारं नाही.

रुजू तारीख, आणि मालक नक्की कोण

ताई म्हणायच्या, "मी २०१७ पासून तिथे आहे." ते खरंच होतं. पण पहिली दोन वर्षं त्या ठेकेदाराकडे होत्या. कारखान्याच्या हजेरीवर त्यांचं नाव लागलं १ जून २०१९ ला. पीएफही त्याच दिवसापासून. कारखाना २०१९ चीच तारीख लिहिणार, आणि तेच बरोबर आहे. पत्रात २०१७ लिहिलं असतं आणि पीएफच्या पासबुकात २०१९ दिसलं असतं, तर बँकेला पूर्ण पत्राबद्दलच शंका आली असती.

ज्या ताया अजूनही ठेकेदाराकडे आहेत, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं. तुम्ही रोज ज्या गेटातून आत जाता, त्या गेटावर मोठ्या कंपनीचं नाव असतं. पण तुमचा मालक ती कंपनी असेलच असं नाही. ओळखायची सोपी खूण सांगते. बँकेचं पासबुक काढा आणि पगार जमा झालाय तिथे कुणाचं नाव आहे ते बघा. पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव बघा. हे पासबुक उमंग अॅपवर दिसतं. ज्याचं नाव या दोन ठिकाणी आहे, पत्र त्याच्याच लेटरहेडवर लागेल. मोठ्या कंपनीच्या साहेबांच्या मागे लागून उपयोग नाही. ते म्हणतील, "तुम्ही आमच्या हजेरीवर नाही," आणि ते खोटं बोलत नसतील.

ठेकेदाराच्या पत्रात मात्र आणखी दोन गोष्टी लिहून घ्या : तुम्ही कोणत्या कंपनीत, कोणत्या पत्त्यावर काम करता, आणि ठेका कधीपर्यंत आहे. ठेका वर्षाचा असतो, कर्ज चौदा वर्षांचं असतं. मग बँक विचारणारच. ठेकेदार बदलत गेले पण तुम्ही त्याच जागी सहा-सात वर्षं आहात असं असेल, तर यूएएनखाली प्रत्येक ठेकेदाराचा काळ नोंदलेला दिसतो. तो सगळा काढून पत्राला जोडा. नोकरी सलग आहे हे दाखवायला तोच चांगला पुरावा आहे.

पगार : एकूण किती, हातात किती

आता ताईंचा हिशोब सांगते, कारण कर्जाचा आकडा खरा इथेच ठरला.

एकूण पगार १५,००० रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,५००, बाकी इतर भत्ते. पीएफ १२ टक्के, म्हणजे १,५०० कापले जातात. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, एकूण पगाराच्या पाऊण टक्का, ते ११३ रुपये. व्यवसाय कर नाही, कारण महाराष्ट्रात बाईचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर तो कर लागत नाही. तुमच्या पगारातून तो कापला जात असेल तर कार्यालयात जरूर विचारा. तर निव्वळ पगार झाला १३,३८७.

पण पासबुकात जमा व्हायचे ११,३८७. दोन हजार कुठे गेले? मुलीच्या प्रवेशाच्या वेळी ताईंनी कारखान्याकडून २०,००० ची उचल घेतली होती. महिन्याला २,००० प्रमाणे दहा हप्ते. त्यातले सहा फिटले होते, चार राहिले होते.

पहिल्या पत्रात पगाराचा आकडाच नव्हता, म्हणून बँकेनं पासबुकातले ११,३८७ धरले. प्रत्येक बँकेचा नियम वेगळा असतो, पण या बँकेनं ढोबळमानानं सांगितलं की हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसला पाहिजे. ११,३८७ चे निम्मे म्हणजे ५,६९३. चौदा वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी एक लाखाला महिन्याला साधारण १,०४९ रुपये हप्ता बसतो. म्हणजे ५,६९३ मध्ये बसणारं कर्ज पाच लाख बेचाळीस हजार. सहा लाखांना अठ्ठावन्न हजार कमी. गवंड्याच्या हिशोबात अठ्ठावन्न हजार म्हणजे दारं, खिडक्या आणि फरशी.

दुसऱ्या पत्रात कारखान्यानं वेगवेगळं लिहून दिलं : पीएफ १,५००, ईएसआय ११३, उचलीचा हप्ता २,०००, त्याचे चार हप्ते बाकी, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात. मग बँकेला दिसलं की हे दोन हजार कायमचे जात नाहीत. बँकेनं १३,३८७ धरले. निम्मे ६,६९३. सहा लाखांचा हप्ता ६,२९४. बसलं.

पगार एका रुपयानंही वाढला नव्हता. फक्त कपात कशाची आहे ते कागदावर आलं. म्हणून सांगते, "एकूण पगार १५,०००" एवढ्यावर पत्र थांबू देऊ नका. पत्रातला निव्वळ आकडा आणि पासबुकात पडणारा आकडा यांत फरक असेल, तर तो फरक का आहे हे पत्रातच लिहिलेलं पाहिजे.

आणि याच्या उलटही होतं. कधी मालक म्हणतो, "ताई, तुमचं काम होऊ दे, वीस हजार लिहून देतो." चांगल्या मनानं म्हणतो, पण घेऊ नका. पासबुक आणि पीएफ खरं बोलतात, बँकेत ते लगेच पकडलं जातं आणि अर्ज नामंजूर होतो. समजा नाही पकडलं गेलं, तर वीस हजाराच्या हिशोबानं ठरलेला हप्ता पंधरा हजारातून तुम्हालाच भरायचा आहे. शिवाय खोट्या कागदावर कर्ज घेणं हा गुन्हा आहे.

निवृत्तीचं वय

ताईंना पंधरा वर्षांचं कर्ज हवं होतं. कारखान्यात निवृत्ती ५८ ला. ४४ आणि १५ म्हणजे ५९. पगार बंद झाल्यावर एक वर्ष हप्ता कोण भरणार, हे बँकेनं विचारलं. म्हणून कर्ज चौदा वर्षांचं झालं. दुसरा मार्ग होता कमावत्या मुलाला सहकर्जदार घेण्याचा, पण ताईंचा मुलगा अजून शिकतो आहे. तुमच्या घरात कमावता मुलगा, मुलगी किंवा नवरा असेल तर हे आधीच बोलून ठेवा.

मालक का कचरतो

आपण अर्ज दिला की कधीकधी मालक टाळतो. "बघू", "उद्या या", "साहेब बाहेरगावी आहेत". याच्या मागे बहुतेक वेळा भीती असते. ती ओळखली तर बोलणं सोपं होतं.

पहिली भीती म्हणजे आपण जामीन होतोय की काय. सही केली आणि या बाईनं हप्ता चुकवला तर बँक आपल्याकडे येईल, असं त्याला वाटतं. त्यासाठीच अर्जात ते जबाबदारी नसल्याचं वाक्य आहे. ते त्याला दाखवा. मात्र एक लक्षात ठेवा. काही पतसंस्था आणि बँका दुसरा एक कागद मागतात, की मालक पगारातून हप्ता कापून परस्पर भरेल. ते पगार कपातीचं हमीपत्र. त्यात मालकावर खरंच काम येतं. तुमच्या बँकेला फक्त प्रमाणपत्र हवंय की हमीपत्रही, हे आधी विचारा आणि मालकाला स्पष्ट सांगा. दोन्ही एकत्र मिसळले की साधं प्रमाणपत्रही अडतं.

दुसरी भीती "कायम" या शब्दाची. हा शब्द लिहिला तर उद्या ही बाई हक्क सांगेल, असं त्याला वाटतं. तिथे हट्ट धरू नका. जे खरं आहे तेच लिहू द्या : "दिनांक अमुकपासून आजपर्यंत सलग कामावर आहेत." सहा-सात वर्षांची सलग नोकरी बँकेला पुष्कळ सांगून जाते.

तिसरी भीती सगळ्यात अवघड. मालक पीएफ भरत नसेल, किंवा किमान वेतनापेक्षा कमी देत असेल, तर खरा आकडा कागदावर लिहायला तो घाबरतो. असं वाटलं तर एकट्या जाऊन वाद घालू नका. मला किंवा आपल्या संघाच्या कार्यालयात सांगा. तो प्रश्न या पत्रापेक्षा मोठा आहे आणि तो वेगळा हाताळावा लागतो.

पत्र मिळालंच नाही तरी सगळं संपत नाही. दर महिन्याचं पगारपत्रक मागा, ते देणं हे मालकाचं कायदेशीर काम आहे. नेमणूकपत्र असेल तर ते, सहा महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेलं पासबुक, पीएफचं पासबुक, ईएसआय कार्ड, हे सगळं घेऊन बँकेत जा आणि विचारा की यावर चालेल का. काही ठिकाणी चालतं. पगार रोख मिळत असेल तर हे अवघड जातं. घर बांधायचा विचार पुढच्या वर्षीचा असेल, तर पगार खात्यात जमा करायची विनंती या महिन्यातच करा.

पत्र दिल्यानंतरचा फोन

शेवटची गोष्ट, आणि इथे आमचीच चूक झाली होती.

पत्र दिलं की बँक ते खरं आहे का तपासते. पत्रावरच्या नंबरवर फोन करते, किंवा माणूस पाठवते. ताईंच्या वेळी फोन गेला तो गेटवर. वॉचमन नवीन होता. त्यानं सांगितलं, "या नावाचं इथं कुणी नाही." कारण सगळा कारखाना ताईंना हाकेच्या नावानं ओळखतो, आधारवरचं नाव कुणालाच माहीत नाही! दोन दिवस फाईल थांबली. मग कामगार विभागातल्या साहेबांनी स्वतः बँकेला फोन केला तेव्हा मार्गी लागलं.

म्हणून पत्रावर गेटचा नंबर नको. ज्यानं सही केली त्याच्या कार्यालयाचा नंबर घ्या. आणि पत्र बँकेत दिलं त्याच दिवशी त्यांना सांगा, "साहेब, बँकेतून फोन येईल, माझं आधारवरचं नाव असं असं आहे." नाव आणि हजेरी क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या टेबलावर ठेवा. गेटवरही सांगून ठेवा.

पत्र हातात आलं की कार्यालयातून बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा. नाव, रुजू तारीख, तिन्ही आकडे, निवृत्तीचं वय, सही, शिक्का, तारीख. सोबत आपला अर्ज ठेवा आणि एकेका कलमावर बोट ठेवत बघा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. बँकेत गेल्यावर सापडली तर पुन्हा खाडा. खाडाखोड करून दुरुस्ती करू देऊ नका, पत्र नवीनच टाईप करून घ्या. वाचता येत नसेल किंवा पत्र इंग्रजीत असेल तर गटाच्या सचिव ताईंना फोटो पाठवा, त्या वाचून सांगतील. आणि मूळ पत्र बँकेत द्यायच्या आधी दोन झेरॉक्स काढा.

ताईंचं कर्ज सहा लाखांचं मंजूर झालं. परवा गेले होते तेव्हा चौथऱ्यावर मुरूम पडत होता. मला म्हणाल्या, "आधीच यादी घेऊन गेले असते तर तीन खाडे वाचले असते." तीन खाड्यांचे किती होतात, ते त्यांनी लगेच तोंडी सांगितलं.

अर्जाच्या कोऱ्या प्रती संघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्यांना लागेल त्यांनी येताना आधार, पॅन, पासबुक आणि मागच्या तीन महिन्यांची पगारपत्रकं घेऊन या. अर्ज आपण बसून भरू.